वहीतली वना आबांची ओळ

दिपमाला पाटील हे नाव जळगावात कुणाला विचारलं तर कुणी ओळखणार नाही. 'जीएसटीवाली ताई' म्हटलं की बळीराम पेठेतला चहावालासुद्धा जिन्याखालच्या खोलीकडे बोट दाखवतो. खोली एवढीशी. एक टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक, आणि भिंतीवर जीवराम सरांचा हार घातलेला फोटो. सरांनी तिला हे काम शिकवलं आणि जाताना आपली गिऱ्हाईकं तिच्या हवाली केली. शिवाय एक सवय दिली, तिचीच ही गोष्ट.

काम तसं सांगायला सोपं. व्यापारी माल विकतो तेव्हा गिऱ्हाइकाकडून कर घेतो, तो सरकारचा. माल घेताना त्याने स्वतः कर भरलेला असतो, तो त्याच्या खात्यावर जमा दिसतो. दर महिन्याला विक्रीवरच्या करातून खरेदीवरचा कर वजा करायचा आणि उरेल तेवढाच सरकारात भरायचा. लोकांना वाटतं, बेरीज-वजाबाकी तर आहे, त्यात काय मोठं. दिपमाला अशा लोकांना चहा पाजते आणि वाद घालत नाही. वजाबाकी सोपीच असते, पण जे वजा करतोय ते खरं आहे का, हे संगणक सांगत नाही.

महिन्याच्या चौदा तारखेला पोर्टलवर यादी येते. कुणी कुणी आपल्या गिऱ्हाइकाच्या नावे बिलं फाडली, त्यावर कर किती, सगळं त्यात असतं. विकणाऱ्याने बिल चढवलं की ते यादीत दिसतं. माल मात्र पोर्टलवर दिसत नाही, आणि माल हाती आल्याशिवाय त्या कराची वजावट घेता येत नाही. म्हणून जीवराम सर दर मोठ्या बिलामागे विकणाऱ्याला फोन लावायचे आणि एकच प्रश्न विचारायचे : माल दिला का? जे उत्तर येईल ते शब्दाला शब्द वहीत लिहायचे. दिपमाला त्यांना हसायची. "सर, लबाड माणूस 'नाही दिला' असं सांगेल का?" सर म्हणायचे, "सांगणार नाही. पण आवाज ऐकू येतो ना."

सर गेल्यावर तिने ती लांब वही पुढे चालवली. पंधरा तारखेला फोन, विकणाऱ्याचं नाव, त्याचे शब्द. आठ वर्षं. तिचा नवरा भूषण रावेरहून केळीच्या गाड्या भरून दिल्लीकडे नेतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. तो म्हणायचा, तुझ्या वहीत माझ्यापेक्षा जास्त माणसं आहेत. मुलगी मेघा पुण्यात शिकते. तिची फी, खोलीचं भाडं आणि डबा यातलं बरंचसं एका गिऱ्हाइकाकडून यायचं : एमआयडीसीतला हितेंद्रशेठचा पाइपांचा कारखाना. तिच्या मिळकतीतला निम्मा वाटा त्या एका फाइलमध्ये होता, आणि हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढंच हितेंद्रशेठलाही.

त्या कारखान्याला प्लास्टिकचा नवा दाणा गुजरातेतून यायचा आणि जुन्या पाइपांचा भुगा धुळ्याहून. भुगा देणारे वना आबा. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आठ वर्षं फक्त आवाज. फोन उचलला की मागे भुगा पाडायच्या मशीनची घरघर, आणि त्या आवाजाच्या वर ओरडणारे आबा : "बठ्ठा माल दिधा शे, माय!" सगळा माल दिलाय. मग तिच्या मुलीची चौकशी, धुळ्यातल्या पाण्याची तक्रार, आणि फोन बंद. तिला तो फोन आवडायचा. बाकीचे व्यापारी पंधरा तारखेला तिचा नंबर पाहून कपाळाला आठ्या घालायचे. आबा वाट पाहत असल्यासारखे उचलायचे.

कार्तिकातल्या त्या पंधरा तारखेला शनिवार होता. भर दुपारी, डबा खाऊन तिने हितेंद्रशेठची यादी उघडली. विक्रीवरचा कर तीन लाख शहाण्णव हजार. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. गुजरातच्या दाण्यावर भरलेला कर एक लाख बासष्ट हजार. परराज्यातला हा कर आधी संपवायचा असा नियमच आहे, तो तिने दोन्हीकडे सारखा वाटून टाकला. उरले दोन लाख चौतीस हजार. त्याखाली वना आबांचं बिल, आठ लाखांचं. त्यावरचा कर एक लाख चव्वेचाळीस. तो वजा केला की भरायचे फक्त नव्वद हजार.

आठ लाख. आबांचं बिल दीड-दोन लाखांच्या वर कधी जायचं नाही. गेले तीन महिने ते पाच लाखांवर होतं. हंगाम असेल, असं म्हणून तिने तेव्हा सोडून दिलं होतं. ते आठवून तिला आज जरा टोचलं, पण हात फोनकडे गेलाच होता.

दोन रिंगांत फोन उचलला. मागे मशीन घरघरत होतं, जोरात.

"आबा, जळगावहून दिपमाला. माल दिला का?"

एरवी उत्तर तिच्या प्रश्नावर चढूनच यायचं. आज नुसती घरघर आली. कुणीतरी भुगा ओतावा तसा खडखड आवाज झाला. मग आबा बोलले, सावकाश, न ओरडता, तरी मशीनच्या आवाजात शब्द न् शब्द ऐकू आला.

"माल दिधा नही, माय. लिखी ठेव."

"काय? आबा, आठ लाखांचं बिल आहे तुमचं."

"लिखी ठेव, माय."

फोन बंद झाला. तिने पाहिलं, एक मिनिट बारा सेकंद. एवढं बोलणं झालं नव्हतं. पण सवयीने पेन उचललं आणि ओळ लिहून टाकली. मान आणि खांदे गार पडले होते, कार्तिकातल्या दुपारी, पंखा बंद असताना. म्हातारा माणूस खरं बोलला याचं बरंही वाटत होतं आणि काहीतरी चुकतंय असंही.

तिने हितेंद्रशेठला फोन लावला. गडी गोड बोलण्यात पटाईत. मेघाताईंचं कसं चाललंय इथपासून सुरुवात.

"शेठ, आठ लाखांचं बिल वजावटीत घेता येणार नाही. मी पोर्टलवर ते नाकारते. माल आलेलाच नाही. नव्वद हजारांऐवजी दोन लाख चौतीस भरावे लागतील."

"कोण म्हणतं माल आला नाही?"

"वना आबा. आत्ताच बोलले."

हितेंद्रशेठ हसला, पण अर्ध्यावरच. "ताई, काहीतरीच काय. आबा आखाडातच गेले. मी दहाव्याला होतो."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. दोघांनाही कळलं. आखाडात गेलेल्या माणसाच्या नावाची बिलं श्रावणात, भाद्रपदात, आश्विनात येत होती आणि हा ती वजावटीत घालत होता. हितेंद्रशेठने आवाज सावरला. "धंदा पोरगा बघतो ना, प्रेमराज. जीएसटी नंबर जुनाच चालवतोय बिचारा. तुम्ही बिल घ्या. वीस तारखेपर्यंत भरून टाकू. आणि बघा ताई, गावात जीएसटीवाले खूप आहेत."

फोन ठेवल्यावर तिने बराच वेळ सरांच्या फोटोकडे पाहिलं नाही. मग वही मागे उलटली. वना आबांच्या ओळी ती नेहमी लाल पेनाने अधोरेखित करायची, सापडायला सोपं.

आषाढातली : 'बठ्ठा माल दिधा शे, माय.' त्याआधीची तीच. त्याच्याआधीचीही तीच. आठ वर्षं माय, माय, माय.

श्रावणातली : 'माल दिधा शे, ताई.' भाद्रपद : 'माल दिधा, ताई.' आश्विन : 'दिधा ताई.'

आणि आज पुन्हा : 'माल दिधा नही, माय.'

तिच्याच अक्षरात होतं. तीन महिने तिने स्वतःच्या हाताने 'ताई' लिहिलं आणि तिच्या कानाला काही लागलं नव्हतं. आता आठवायला बसली तर त्या तीन फोनांमागे मशीनही नव्हतं. मेघाबद्दलही कुणी विचारलं नव्हतं. तिची भीती आधी तिथे सुरू झाली. आजच्या आवाजाची तिला नंतर वाटली.

रविवारी सकाळी ती धुळ्याच्या एसटीत बसली. एरंडोल, पारोळा. दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चाललेली. बाया मागे न बघता पुढे सरकत होत्या. काय विचारायचं हे तिने तीनदा मनात ठरवलं आणि तीनदा पुसलं. मेलेल्या माणसाशी बोलले, असं सांगत कुणाच्या दारात कसं उभं राहायचं?

आबांचं घर मोहाडीकडे, गोदामाला लागूनच. दारात भागाबाई गहू निवडत होत्या. आबांची बायको. जळगावची दिपमाला असं सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि तिचा हात धरला. "ये वं माय. त्या तुन्हं नाव काढेत. पंधरा तारीख उनी की सकाळपासून फोन जवळ लई बठेत." त्यांच्या बोलीतलं 'त्या' म्हणजे आबा, पंधरा तारखेला फोन घेऊन बसणारे.

आतून प्रेमराज आला. पस्तिशीचा, बापाच्या बांध्याचा. दिपमालाचं नाव ऐकताच त्याचा चेहरा उतरला. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही. तोंड उघडलं आणि त्याने नुसतं "ताई" म्हटलं, आणि तिला श्रावण, भाद्रपद, आश्विन तिन्ही ऐकू आले. आवाज हुबेहूब आबांचा होता, फक्त तरुण.

"तुम्हीच बोलत होतात."

तो ओट्यावर बसला. सगळं सांगितलं. आबा गेल्यावर त्यांचा जीएसटी नंबर रद्द करायला हवा होता, स्वतःच्या नावाने नवा घ्यायला हवा होता. त्याआधीच हितेंद्रशेठचा माणूस आला. नुसतं बिल चढव, माल नको, शेकडा दोन तुझे. मागून दुसऱ्याची तसलीच खोटी बिलं घेऊन प्रेमराज आबांच्या नावावरचा कर वजा करून शून्यावर आणायचा. आबांचं सिमकार्ड त्याच्या फोनमध्ये होतं, ओटीपी त्यावरच यायचा. "तुमचा फोन येणार हे शेठनी सांगितलं होतं. बापासारखं बोल म्हणाले. तीन वेळा बोललो मी, ताई. चौथ्यांदा नाही."

"काल दुपारी एक वाजता कोण बोललं मग?"

"काल तुमचा फोनच आला नाही. मी वाट पाहत होतो." त्याने फोन पुढे केला. यादीत तिचा नंबर आश्विनापर्यंत होता. पुढे काही नाही. तिने स्वतःचा काढला. शनिवार, एक वाजून चार मिनिटं, वना आबा, एक मिनिट बारा सेकंद. दोन्ही फोन ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा प्रेमराज मागे सरकला.

"मागे मशीन चालू होतं," दिपमाला म्हणाली. तिला ते सांगायचं नव्हतं, पण सांगून गेली.

तो उठला आणि तिला गोदामात घेऊन गेला. दार लोटलं. आत उजेड होता, वरच्या फटींतून. कोपऱ्यात सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले चार गंजके नटबोल्ट. बाकी काही नाही. "श्रावणातच विकलं," तो म्हणाला. चौथऱ्यावर हिरवट भुग्याचा पातळ थर होता. दिपमालाने बोट लावलं नाही.

दारात भागाबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी दोघांचं बोलणं ऐकलं होतं. पोराने बापाचं नाव विकलं, हे त्यांना आत्ताच कळत होतं. त्या ओरडल्या नाहीत. दिपमालाकडे पाहून एवढंच विचारलं, "काय बोलनात त्या?"

"माल दिधा नही, माय. लिखी ठेव."

भागाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडल्या की हसल्या, सांगता येत नाही, दोन्ही असेल. "खोटं बिल त्यास्नी कधी फाडं नही," त्या म्हणाल्या. मग पोराकडे वळल्या. "ते कार्ड काढ."

प्रेमराजने सिमकार्ड लगेच काढलं नाही. दिपमालाने त्याला समजावलं, की आधी आबा वारल्याचं कळवून त्यांचा जीएसटी नंबर रद्द करायचा अर्ज कर, शेवटचं विवरणपत्र भर, त्यासाठी कार्ड लागेल. खोट्या बिलांचं काय ते स्वतःहून सांग, नोटीस यायच्या आत. मग कार्ड आईकडे दे. तो मान हलवत राहिला. बापाच्या चौथऱ्याकडे पाठ करून उभा होता.

बुधवारी हितेंद्रशेठ स्वतः आला. खोलीत दोनच खुर्च्या, तरी तो उभा राहिला. दिपमालाने कागद पुढे ठेवला. चालू महिन्याचे दोन लाख चौतीस हजार. गेल्या तीन महिन्यांत चुकीची घेतलेली वजावट, नव्वद नव्वद हजारांची, परत करायची : दोन लाख सत्तर. त्यावर अठरा टक्क्यांनी व्याज, आठ हजारांच्या वर. ते रोखच भरावं लागतं, वजावटीतून भागत नाही. एकूण पाच लाख बारा हजार.

"तुम्हाला वेड लागलंय, ताई. नव्वद हजारांचे पाच लाख?"

"तुमच्या कारखान्याचा कर नव्वद हजार नव्हताच कधी."

"एका फोनवरून? मेलेल्या माणसाच्या?" तो हसला, मोठ्याने, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं. "उद्या ऑफिसरला काय सांगाल, भूत बोललं?"

"ऑफिसरला सांगेन की मालाची ना वजनकाट्याची चिठ्ठी आहे ना गाडीचा ई-वे बिलाचा कागद. ते मी तीन महिने आधीच मागायला हवं होतं." मेघाची दुसऱ्या सत्राची फी जानेवारीत होती, ती याच टेबलावरून जायची. "मी आवाजावर विसंबले, आणि तोही नीट ऐकला नाही. ती माझी चूक. पण या महिन्याचं मी ऐकलंय. मागे मशीन चालू होतं, शेठ. धुळ्यात जाऊन पाहिलं, मशीन तिथे नाही."

हितेंद्रशेठचं हसू तोंडावरच राहिलं.

"कुठलं मशीन?"

"आबांचं. भुग्याचं. श्रावणात विकलं म्हणाला पोरगा."

आता तो बसला. खुर्चीचा काठ धरून, सावकाश. बाहेर चहावाला कप विसळत होता, तेवढाच आवाज.

"ते मी घेतलंय," तो म्हणाला. "मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलंय. अजून वायर जोडलेली नाही." त्याने दाराकडे पाहिलं. "शनिवारी दुपारी वॉचमन म्हणाला होता, शेठ, मागचं मशीन कुणी चालू केलंय? मी म्हटलं, तू पिऊन आलास."

शेवटी त्याने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला, पाठ वर करून, जणू स्क्रीन पाहायची नव्हती. "चलन काढा," तो म्हणाला.

पैसे बँकेतून पोर्टलवरच्या रोख खात्यात यायला संध्याकाळ झाली. गुरुवारी, वीस तारखेला, तिने वजावट परत केली, व्याज टाकलं, आधी गुजरातचा कर संपवला आणि उरलेलं रोख खात्यातून वळतं केलं. ओटीपी शेठच्या फोनवर आला. त्याने आकडे वाचून दाखवले आणि विवरणपत्र गेलं. पुढच्या आठवड्यात त्याचा माणूस आला आणि कारखान्याची आठ वर्षांची फाइल घेऊन गेला. शेठने तोंडावर सांगून काम काढून घेतलं असतं तर ती एवढी दुखावली नसती. भूषणला फोनवर सांगताना ती रडली. तो इटारसीच्या अलीकडे कुठेतरी होता. म्हणाला, मी एक फेरी जास्त मारीन, तू वही चालू ठेव.

मेघाच्या फीची सोय झाली. भूषणच्या दोन फेऱ्या आणि दिपमालाच्या दोन बांगड्या, असा तिचा निव्वळ हिशेब.

मार्गशीर्षातल्या पंधरा तारखेला तिने वही उघडली. श्रावण, भाद्रपद, आश्विन, या तीन ओळींच्या खाली तिने आपल्या अक्षरात लिहिलं : 'विचारलं. ऐकलं नाही.' मग नव्या पानावर नावं मांडली. वना आबांचं नाव आता कुणाच्याच यादीत नव्हतं. सवयीने तिथे एक ओळ मात्र मोकळी राहिली, आणि ती तिने तशीच ठेवली.

पहिला फोन धरणगावच्या एका सरकीवाल्याला होता. "माल दिला का?" तिने विचारलं. तो हो म्हणाला, पटकन, दरवेळेसारखा. तिने लगेच लिहिलं नाही. फोन कानाला घट्ट धरला आणि त्याच्या मागे काय चाललंय ते ऐकत बसली.